प्रतिसाद: कास्ट ‘निल’ असल्यास

«लघवीच्या तपासणीत तांबड्या पेशी भरपूर, पण कास्ट ‘निल’, म्हणजे रक्त मूत्रपिंडातून येत नाही, असेच ना?»

असे निश्चित म्हणता येत नाही. कास्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकेत प्रथिन गोठून तयार झालेला साचा. पातळ किंवा अल्कधर्मी लघवीत तो काही तासांत विरघळतो, म्हणून नमुना किती वेळ टेबलावर पडून होता हे आधी विचारावे. आमच्याकडे घसा दुखून गेल्यावर दोन आठवड्यांनी कोऱ्या चहासारखी लघवी होऊ लागलेल्या एका मुलाचा सकाळचा नमुना दुपारी तपासला गेला आणि कास्ट दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताजी लघवी तासाभरात तपासायला घेतली. १० मिलिलिटर लघवी ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज केली, वरचा द्रव काढून तळाच्या अर्ध्या मिलिलिटरमधला थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली करून प्रकाश मंद केला आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली कव्हरस्लिपच्या कडा पाहिल्या (कास्ट बहुधा कडेलाच सरकतात, आणि घाईत मधलाच भाग पाहिला जातो). तेथे तांबड्या पेशींनी खच्चून भरलेले दोन विटकरी कास्ट सापडले. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली अनेक सुट्या पेशींना मिकी माऊसच्या कानांसारखे फुगवटे दिसले. ही जोडी आढळली की रक्त ग्लोमेरुलसमधूनच, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातूनच, येत असल्याचे जवळजवळ निश्चित होते. त्याच काचेवर पाकिटासारखे दिसणारे ऑक्सलेटचे स्फटिकही होते, पण ते निरोगी माणसाच्या लघवीतही आढळतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावरून मुतखड्याचे निदान करता येत नाही.