उत्तर: डबा, चेंडू आणि शंकू
> डबा, त्यात बसणारा चेंडू आणि शंकू यांची घनफळं ३:२:१ येतात, मग पृष्ठफळंही तशीच येतील ना?

नाही, शंकू तिथं दगा देतो. इंदूरला शिकवणीत मुलांना मी हेच आकडे देतो: त्रिज्या ७ सेंमी, उंची १४ सेंमी. झाकणासकट वृत्तचितीचं पृष्ठफळ ९२४ चौसेंमी, गोलाचं ६१६. इथवर ३:२ बरोबर. मग शंकूचं ३०८ यायला हवं; पण त्याची तिरकस उंची √२४५, म्हणजे साधारण १५.६५ सेंमी, आणि तळ धरून एकूण येतात सुमारे ४९८. बरीच मुलं तिरकस उंचीच्या जागी सरळ १४ घालतात. तेव्हा उत्तर नेमकं ४६२ येतं, म्हणजे वृत्तचितीच्या बरोबर निम्मं, आणि ते इतकं सुबक दिसतं की शंकाच येत नाही!

घनफळाचं ३:२:१ सुद्धा उंची व्यासाएवढी असेल तरच. डबा २० सेंमी उंच घेतला, तर त्याचं घनफळ ३०८० घसेंमी होतं आणि चेंडू मात्र १४३७ च्या आसपासच राहतो, निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच उंचीचा शंकू घेतलात तर तो डब्याच्या एक तृतीयांशच भरतो, उंची कितीही असो.