मदत हवी आहे: पेपरचा निष्कर्ष मेथड्समधून खरंच निघतो का?

चष्मिष: परवा जर्नल क्लबला एक पेपर मांडायचाय, तीनदा वाचला तरी काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते कळेना. झोपेसाठीचं सप्लिमेंट, 20 जणांना ते आणि 20 जणांना प्लासिबो, सहा आठवडे. मोजलाय पीएसक्यूआय, म्हणजे स्कोअर उतरला की झोप सुधारली. सप्लिमेंटवाल्यांचा सरासरी 2.1 ने उतरला, p = 0.03. प्लासिबोवाल्यांचा 1.5 ने, p = 0.09. निष्कर्षात छातीठोकपणे लिहिलंय की सप्लिमेंटने झोप सुधारते. रँडमायझेशन आहे, ब्लाइंडिंग आहे, मग मला पटत का नाहीये?

रातकिडा: 40 च लोक ना, मग तिथेच संपलं. मी 100 च्या खालचा पेपर वाचतच नाही.

आकडेमोड: सॅम्पल लहान आहे खरं, पण परिणाम दणदणीत असेल तर 40 मध्येही दिसतो. दुखणं वेगळं आहे. दोन गट घेतले कशाला, एकमेकांशी ताडून बघायला ना? यांनी प्रत्येक गट स्वतःच्याच जुन्या स्कोअरशी ताडला, एकाचा p 0.05 च्या आत आला, दुसऱ्याचा बाहेर, आणि त्यालाच फरक म्हटलं. खरा फरक 2.1 वजा 1.5, म्हणजे फक्त 0.6. पेअर्ड टी-टेस्ट धरून p वरून उलटा हिशोब केला तर स्टँडर्ड एरर 0.9 आणि 0.85 च्या आसपास येतात, फरकाचा साधारण 1.2. म्हणजे सप्लिमेंट प्लासिबोपेक्षा 3 अंकांनी बरं इथपासून जवळपास 2 अंकांनी वाईट इथपर्यंत काहीही असू शकतं. आता मेथड्सच्या शेवटचा स्टॅटिस्टिक्सचा परिच्छेद काढ आणि तिथे कबूल केलेली तुलना रिझल्ट्समध्ये सापडते का बघ.

तळटीप: मी दोन महिने असलंच काहीतरी घेतलं, मस्त झोप लागली. ते सगळं मनाचे खेळ म्हणताय का?

आकडेमोड: तसं नाही हो. पण सप्लिमेंट न घेतलेले तुम्ही शेजारी ठेवून बघता आले नाहीत ना. झोप फारच बिघडली की माणूस उपाय शोधतो, आणि असे वाईट दिवस बरेचदा आपोआपही सरतात. प्लासिबोवाल्यांचे 1.5 त्यातलेच असावेत.

चष्मिष: बघितलं! मेथड्समध्ये चक्क अँकोव्हा लिहिलंय, सुरुवातीचा स्कोअर धरून दोन गटांची तुलना, आणि रिझल्ट्समध्ये त्याचा आकडाच नाही, सप्लिमेंटरी टेबलमध्येही नाही. शिवाय टेबलखाली बारीक अक्षरात सप्लिमेंट गटाचा n = 17. तिघं गेले कुठे?

रातकिडा: लपवलं, दुसरं काय.

आकडेमोड: मुद्दाम की निष्काळजीपणा, हे बाहेरून नाही कळत. तिघं का गळले ते फ्लोचार्टमध्ये असायला हवं. फायदा न झालेलेच सोडून गेले असतील तर 2.1 सुद्धा फुगलेला आहे.

चष्मिष: फ्लोचार्टच नाहीये. मग सप्लिमेंट चालत नाही असं मांडू का?

आकडेमोड: नको गं, तेही यातून निघत नाही. गटांमधला फरक दाखवलेला नाही एवढंच म्हण आणि 0.6 चा हिशोब फळ्यावर कर.

चष्मिष: ओके. लेखकांना अँकोव्हाबद्दल मेल टाकलाय, उत्तर आलं तर इथेच टाकते.