‘तफावत’ म्हणावं की ‘विसंगती’? (एलसीचे कागद परत आले त्यावरून)

वास्कोकर: आमचे काजूगर दुबईला जातात. पैसे एलसीवर मिळतात, म्हणजे कागद अटींप्रमाणे असले तर पैसे देऊ अशी खरेदीदाराच्या बँकेची हमी. या खेपेला बँकेने कागद नाकारले. शेठना इंग्रजी फारसं जमत नाही, म्हणून चिठ्ठी मराठीत लिहिली: ‘इन्व्हॉइस आणि एलसीत तफावत आढळली.’ शेठ भडकले, “वजनात कोणी हात मारला?” बँक ज्याला डिस्क्रेपन्सी म्हणते, त्याला मराठीत काय म्हणावं?

डिचोलीचे मास्तर: विसंगती. तफावत अरबी-फारसीतून आलेला शब्द. स्वतःचा शब्द असताना उसना कशाला?

मिरामारवाली: मास्तर, ‘मास्तर’ चालतो आणि ‘तफावत’ खुपते? शेठ बरोबर बोलले. रोकडीत, वजनात, मापात कमी-जास्त निघालं की तफावत. इथे कमी काय आलं?

फोंड्याचा मनोज: एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बँक पैसे देत नाही. म्हणून ‘चूक’च म्हणा.

निवृत्त बँकवाले, मडगाव: तसं नाही हो. ‘मशीन’चं स्पेलिंग चुकलं तर अर्थ बदलत नाही, ते चालतं. मॉडेल 321 ऐवजी 123 पडलं तर ती वेगळी वस्तू झाली. वास्कोकर, बँकेने नेमकं काय लिहिलंय?

वास्कोकर: एलसीत मालाच्या वर्णनाच्या शेवटी ‘सीआयएफ जेबेल अली इन्कोटर्म्स 2020’ आहे, म्हणजे जेबेल अली बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून किंमत, आणि ही अट कोणत्या नियमावलीतली तेही. आमच्या इन्व्हॉइसवर नुसतं ‘सीआयएफ जेबेल अली’. जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगवर तर फक्त ‘काजूगर’ लिहिलंय, त्याबद्दल मात्र बँकेची तक्रार नाही!

निवृत्त बँकवाले, मडगाव: बरोबर आहे. यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इतर कागदांवर वर्णन मोघम चालतं, एलसीच्या विरोधात गेलं नाही म्हणजे झालं. इन्व्हॉइसवरचं वर्णन मात्र एलसीशी जुळलंच पाहिजे. ‘इन्कोटर्म्स 2020’ वर्णनातच असल्याने तेही तिथे हवं. एलसीत नुसतं ‘सीआयएफ जेबेल अली’ असतं तर तुमचं इन्व्हॉइस पास झालं असतं. गर चांगले की खवट, हे बँक बघतच नाही. आम्ही शाखेत ‘कागदांत डिस्क्रेपन्सी आलीय’ असंच म्हणायचो, शुद्ध मराठी कोणाला सुचायचं नाही.

मिरामारवाली: मग ‘कागद जुळत नाहीत’ लिहा की! शेठना कळेल.

डिचोलीचे मास्तर: ते वाक्य झालं, शब्द नव्हे.

साळगावचा दत्ता: माझ्या घरपट्टीतही तफावत आहे, पंचायत दाद देत नाही. अर्ज कुठे करावा?

वास्कोकर: दत्ता, ते वेगळं आहे रे. काका, खरेदीदार म्हणतो, मला चालेल. मग पैसे मिळतील ना?

निवृत्त बँकवाले, मडगाव: एलसी उघडणारी बँक त्याला विचारू शकते, पण तो ‘हो’ म्हणाला म्हणून बँक बांधील होत नाही. इन्व्हॉइस तुमचंच, नवीन काढायला कितीसा वेळ? मात्र एलसीची मुदत आणि कागद सादर करायची मुदत, दोन्ही आधी बघा. आणि ओळ एलसीवरूनच उतरवून घ्या, जुन्या इन्व्हॉइसवरून नको.

फोंड्याचा मनोज: म्हणजे चूकच ना शेवटी?

डिचोलीचे मास्तर: विसंगती!

वास्कोकर: मुदत आहे अजून. नवीन इन्व्हॉइस टाईप करतोय. शेठच्या चिठ्ठीचं नंतर बघू.