अनुभव धागा: शिट्टी उचलली, वाफ आली नाही, म्हणून झाकण उघडलं

दर्यापूर तालुका, धागा काढणारी
मागच्या महिन्यात माझ्या जावेचा हात भाजला, म्हणून हा धागा काढतेय. पाच लिटरचा, बाहेरून झाकण बसणारा कुकर. त्यात अंबाडीची भाजी, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या, जवळजवळ गळ्यापर्यंत. एक शिट्टी झाली आणि कुकर गप्प झाला. तिला वाटलं, सिलिंडर संपत आलं. गॅस बंद करून पाच-सात मिनिटांनी तिनं शिट्टी उचलून पाहिली. ना वाफ, ना आवाज. वाफ गेली असं समजून ती उघडायला लागली. दांडा सरकेना, तर बत्त्यानं ठोकला. झाकण वरच्या पत्र्याला जाऊन लागलं आणि भाजी हातावर, मानेवर उडाली. नंतर झाकण उलटं करून पाहिलं, तर शिट्टी बसते त्या नळीच्या तोंडात अंबाडीच्या पानाचा गोळा गच्च बसलेला. तुमच्याकडे असं झालंय का? लिहा.

आठवडी बाजारात कुकर-स्टोव्ह दुरुस्त करणारा
ताई, शिट्टी उचलून पाहणं चूक नाही, पण नळी मोकळी असेल तरच ते खरं सांगते. नळी बुजली की आत वाफ कोंडलेली असूनही शिट्टीखालून काहीच येत नाही. अशा वेळी दांड्याचं ऐकायचं. रोज हातानं सरकणारा दांडा आज अडला, तर आतून काहीतरी त्याला धरून आहे. तिथंच हात काढून घ्यायचा. कुकर उचलायचा नाही, हलवायचा नाही. अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल, भांड्याला हात टेकवता आला पाहिजे. घाई असेल तर ओलं फडकं झाकणावर टाका.
लोक विचारतात, सेफ्टी का नाही उडाली? ती फार ताण चढला किंवा पाणी आटून कुकर तापला तरच सुटते. गॅस बंद केल्यावर उरलेल्या वाफेला ती सुटत नाही, आणि झाकण उडवायला तेवढी वाफ पुरते.

निवृत्त शिक्षक, आर्वीकडचा
हिशोब करून पाहिला. कुकरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब असतो. 18 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ 254 चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणाखाली अडीच क्विंटलचा जोर. पाचवा हिस्सा जरी उरला, तरी पन्नास किलो.

मूर्तिजापूर, शेतकरी
आतून झाकण बसणारा कुकर घ्या, विषयच संपला. तो वाफ असताना उघडतच नाही. आणि दांडा अडला की वाफच असते असं नाही. आमचा थंड झाल्यावरही उघडत नव्हता. शिट्टी उचलली, हवा आत गेली आणि झाकण सुटलं.

दुरुस्तीवाला
भाऊ, अर्धं खरं आहे. आतल्या झाकणाला वाफच खालून दाबून धरते, म्हणून ते उघडत नाही. थंड झाल्यावर आतली वाफ पाणी होते, पोकळी राहते आणि झाकण ओढलं जाते, तेव्हा तुमचा उपाय बरोबर. पण नळी त्याचीही बुजते. मग सेफ्टी सुटते आणि उकळती डाळ वर फवारते. माझ्याकडे एक झाकण आलं होतं, त्यात सेफ्टीच्या जागी खिळा ठोकून एम-सील लावलेलं. मी ते दुरुस्त केलं नाही, तसंच परत दिलं.

पुसदकडची, कापूस वेचायला जाणारी
माझा कुकर शिट्टीच देत नाही, सगळी वाफ बाजूनं जाते. मी कणकेची वळी लावते, काम होऊन जाते. यात काय धोका? जुनी तूर किती शिट्ट्यांत शिजते, तेही सांगा.

दुरुस्तीवाला
बाई, तुमचं उलटं दुखणं आहे. बाजूनं वाफ जाते म्हणजे रबर गेलं. वाकवून पाहा, भेग दिसली किंवा कडक लागलं तर बदला, आणि कुकरच्याच मापाचं घ्या. वाफ अशी जात राहिली की पाणी आटते, डाळ लागते आणि सेफ्टी वितळते. कणीक आत गेली तर नळीत बसते, मग धाग्यातल्या ताईंच्या जावेसारखं होते. तूर रात्री भिजवा, शिट्ट्या आपोआप कमी लागतील.

चिखलदऱ्याजवळून
आमच्याकडे चुलीवर शिजते. गॅससारखी चूल बंद कशी करायची? लाकडं ओढली तरी निखारे राहतात.

दुरुस्तीवाला
निखारेही बाहेर ओढा. कुकर चुलीवरच राहू द्या.

चिखलदऱ्याजवळून
ओढताना चूल हलते, कुकर कलंडतो. पाणी मारलं तर राख उडते. कोणी खरंच करून पाहिलंय का?

धागा काढणारी
जावेला सगळं वाचून दाखवलं. ती आता झाकण उजेडाकडे धरते, नळीतून आरपार दिसलं तरच लावते. नळीतून वाफेची सरळ धार आल्यावर शिट्टी ठेवते. डाळ अर्ध्या कुकरच्या वर जात नाही. अंबाडी मात्र गंजातच शिजवते, कुकरमध्ये टाकायला तिचा हात होत नाही. चुलीचं कोणाला माहीत असेल तर लिहा.