कारखाना निम्मा बसला, तर मालाची कॉस्ट वाढली म्हणायचं का?

पंपवाला_भोसरी: आमची क्षमता वर्षाला १,००,००० नग. एका मोठ्या गिऱ्हाईकाने ऑर्डर थांबवल्या, बनले ६०,०००. फॅक्टरीचा स्थिर खर्च ३ कोटी. मी नगाला ५०० रुपये लावले, कॉस्ट ऑडिटर म्हणतात ३००च लावा. मग उरलेले १ कोटी २० लाख गेले कुठे? मला ही लपवाछपवी वाटते.

कॉस्टवाले_काका: लपत काहीच नाही. सीएएस-३ या कॉस्ट अकाउंटिंगच्या मानकाप्रमाणे स्थिर उत्पादन खर्च नॉर्मल क्षमतेवर, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत जेवढं उत्पादन निघू शकतं त्यावर लावायचा. ६०,००० नगांवर १ कोटी ८० लाख बसले. बाकीचा खर्च रिकाम्या यंत्रांचा. तो कॉस्ट शीटमध्ये न घेता नफा-तोट्याच्या ताळमेळात वेगळा दाखवायचा. तुमचं ५०० धरलं तर उद्या ऑर्डर परत आल्यावर पंप अचानक ‘स्वस्त’ झालेला दिसेल. खरं तर पंपात काहीच बदललेलं नसेल.

प्लांट_मॅनेजर: बरोबर. सगळे ओव्हरहेड नॉर्मल क्षमतेवर टाकायचे, वीजबिलसुद्धा.

कॉस्टवाले_काका: नाही हो. यंत्र चाललं तरच जळणारी वीज प्रत्यक्ष उत्पादनावरच लागते. नॉर्मल क्षमतेचा नियम स्थिर खर्चापुरता.

ऊसवाला: आमचा साखर कारखाना वर्षातले कितीतरी महिने बंदच असतो. म्हणजे तो सगळा खर्च बाहेर काढायचा?

कॉस्टवाले_काका: गाळप नसलेला काळ हा या धंद्याचा नेहमीचाच भाग आहे. नॉर्मल क्षमता ठरवताना हंगाम आणि ठरलेली देखभाल आधीच धरलेली असते. शिवाय कारखाना सहकारी असेल तर कंपनी कायद्याचं कॉस्ट ऑडिटचं कलम १४८ तुम्हाला लागत नाही. खासगी कंपनीचं वेगळं, साखर नियमांच्या यादीत आहे.

पंपवाला_भोसरी: ठीक, पण नॉर्मल क्षमता ठरवतं कोण? आमचंच व्यवस्थापन! उद्या १,००,००० ऐवजी ७०,००० लिहिली की रेट जवळपास ४२९ होतो आणि ‘रिकामा’ खर्च १ कोटी २० लाखांवरून ४३ लाखांच्या आसपास येतो. म्हणजे सरकारला आपल्याला हवा तो आकडा दाखवायचा.

शॉपफ्लोअर_ताई: इथे ऑडिटरची खरी परीक्षा. आमच्याकडे ऑडिटरनी मागच्या वर्षांचं उत्पादन, शिफ्ट रजिस्टर, यंत्रांचे बंद तास आणि देखभालीचं वेळापत्रक समोरासमोर ठेवलं. तासांच्या हिशेबात तिसरी शिफ्ट नव्हती, क्षमतेत मात्र होती. तिथेच आमचा आकडा पडला.

कॉस्टवाले_काका: अगदी. आणि क्षमता दरवर्षी बदलत असेल तर पहिला संशय तिथेच घ्यावा. कारण लेखी मागा. नवीन यंत्र आलं, जुनं विकलं, असं काहीतरी हवं.

प्लांट_मॅनेजर: हे सगळं अहवालापुरतं. गिऱ्हाईकाला भाव देताना मला पूर्ण ३ कोटी वसूल करायचे असतात.

कॉस्टवाले_काका: करा की, बाजार देईल तेवढं. पण रिकाम्या यंत्रांचे २०० रुपये भावात घालून ऑर्डर गमावलीत, तर पुढच्या वर्षी रिकामी यंत्रं अजून वाढतील.

पंपवाला_भोसरी: आणि सलग चार वर्षं ६०,०००च बनले तर? तेव्हा ६०,००० हेच नॉर्मल नाही का?

शॉपफ्लोअर_ताई: माझ्या मते होय.

कॉस्टवाले_काका: माझ्या मते नाही, जोवर यंत्रं विकायला काढलेली नाहीत. पण इथे दोन ऑडिटर दोन मतं देतील.