संक्रमण की स्थित्यंतर? (आणि तो जास्तीचा t)

सुरसागरकाठ:
मंडळी, जरा मदत करा. ओळखीतल्या दोन-तीन डिप्लोमाच्या मुलांसाठी कंट्रोल सिस्टीमच्या नोट्स मराठीतून लिहितेय. मुलं महाराष्ट्रातून इकडे बडोद्याला आलेली, गुजराती अजून नीट कळत नाही आणि इंग्रजीची भीती. तर स्टेट ट्रान्झिशन मॅट्रिक्सला मी 'स्थित्यंतर सारणी' लिहिलं. एका बाईंना तपासायला दिलं तर त्यांनी लाल शाईनं खोडून 'संक्रमण आव्यूह' केलं. ते पान शेजारच्या काकांनी सहज उचललं आणि विचारलं, काय गं हा कोरोनाचा तक्ता का? आता सांगा काय ठेवू?

आणि त्याच पानावर त्यांनी अजून एक लाल गोल केलाय. उदाहरण हे होतं: x'' + 2x' + x = 0, म्हणजे

```
A = [  0   1
      -1  -2 ]
```

माझं उत्तर:

```
Φ(t) = e^(-t) · [ 1+t    t
                   -t   1-t ]
```

बाईंनी सगळ्या t भोवती गोल करून लिहिलंय 'टंकनदोष?'. टंकनदोष नाहीये हो, पण दोन ओळींत कसं समजवावं ते सुचत नाहीये.

शब्दवेडा_वाडीचा:
संक्रमणच बरोबर. 'सम्' आणि 'क्रम्', पाऊल टाकणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे. सूर्य मकरेत जातो ते मकरसंक्रमण. कोरोनानं शब्द बाटवला म्हणून आपण टाकून द्यायचा का? आणि 'सारणी' म्हणजे टेबल, भाजीचे भाव लिहितात ते. आव्यूह हा कमावलेला शब्द आहे, त्याला जागा द्या.

फतेगंजी:
बाईंचं बरोबर आहे असं वाटतंय मला. आयगेनव्हॅल्यू काढली की -1 आणि -1 येते, मग e^(-t) आणि e^(-t), झालं, t कुठून येणार. आणि ट्रान्झिशन मॅट्रिक्समध्ये प्रत्येक ओळीची बेरीज 1 यायला हवी ना? तुमची येत नाही. मी गेल्या सेमिस्टरलाच केलंय.

दांडियाबाजारकर:
फतेगंजी भाऊ, बेरीज 1 येते ती मार्कोव्ह साखळीत, तिथे शक्यता असतात, आज ऊन तर उद्या पाऊस किती टक्के वगैरे. ही निराळी चीज आहे. इथे Φ(t) म्हणजे e^(At), आत्ताची जागा आणि वेग दिला की t सेकंदांनंतरची जागा आणि वेग काढून देणारी. नाव एकच पडलंय म्हणून दरवर्षी वर्गात कुणीतरी हा घोटाळा करायचाच.

आता t चं. मूळ दोनदा आलं म्हणजे दिशाही दोन मिळाल्या असं होत नाही. A·v = -v मांडून पाहा, v2 = -v1 एवढंच निघतं, म्हणजे (1, -1) ही एकच दिशा. दोन हव्या होत्या, मिळाली एक. अशा वेळी जी पद्धत आपण घोकतो, आयगेनव्हेक्टर उभे लावून P करायचा आणि P·D·P⁻¹ घ्यायचं, ती बसूनच राहते, कारण P उलटवताच येत नाही.

मांजलपूरची_आई:
माझा मुलगा गुजराती माध्यमात बारावीला आहे, त्यांच्यात मॅट्रिक्सला 'श्रेणिक' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं राजा श्रेणिक, जैन गोष्टींतला, इतिहासाचा धडा आहे. आणि इन्व्हर्सला 'व्यस्त'. एकदा त्याच्या वडिलांनी विचारलं काय चाललंय तर म्हणाला, श्रेणिक व्यस्त आहे. तर बडोद्यातल्या मुलांना श्रेणिक चालेल का?

शब्दवेडा_वाडीचा:
श्रेणी म्हणजे रांग, त्यावरून श्रेणिक, व्युत्पत्ती सुरेख आहे, पण मराठीत नाही चालणार. बाकी मॅट्रिक्स हा शब्द मूळ लॅटिनमधला, अर्थ गर्भाशय. सिल्व्हेस्टरनं 1850 मध्ये वापरला, ज्याच्या पोटातून डिटरमिनंट जन्माला येतात ते. तेव्हा खरं तर 'मातृका' हवं. कुणी ऐकणार नाही ते सोडा.

सुरसागरकाठ:
मातृका!! आमच्याकडे मातृकापूजन असतं मुंजीत. मुलं हळदकुंकू घेऊन येतील.
दांडियाबाजारकर काका, P उलटत नाही हे कळलं मला, पण त्यांनी विचारलं की मग उत्तर आलं कुठून, तर काय सांगू?

दांडियाबाजारकर:
लाप्लासनं करून दाखवा, तिथे t आपणहून येतो, कुणाला पटवायची गरज पडत नाही. sI - A घ्या, त्याचा डिटरमिनंट s² + 2s + 1, म्हणजे (s+1)². उलटवल्यावर:

```
(sI-A)⁻¹ = 1/(s+1)² · [ s+2   1
                         -1    s ]
```

वरची उजवी जागा बघा, 1/(s+1)², याचा उलट लाप्लास t·e^(-t), कोष्टकात तसाच आहे. डावीकडच्या पहिल्या जागेत s+2 ला (s+1)+1 असं फोडा, एक तुकडा 1/(s+1) आणि दुसरा 1/(s+1)², म्हणून e^(-t)·(1+t). छेदात वर्ग राहिला की t आला. लाल शाईला एवढं पुरे.

फतेगंजी:
ओके मग माझं असं झालं की मूळ दुहेरी असलं की t येणारच. आणि आयगेनव्हॅल्यूवाली पद्धत अशा वेळी फेल, लाप्लासच करायचं. नोट्समध्ये तसं लिहून टाका ताई.

दांडियाबाजारकर:
दोन्ही अर्धंच बरोबर. A म्हणजे -1 तिरप्या रेषेवर आणि बाकी शून्य असा घ्या, मूळ -1 दोनदाच, पण तिथे कुठलीही दिशा चालते, दोन सहज मिळतात, आणि Φ म्हणजे नुसता e^(-t) गुणिले एकक. t चा पत्ता नाही. लाप्लासमध्ये छेद (s+1)² च असतो, पण वरच्या प्रत्येक पदात s+1 असतो आणि एक कटून जातो. म्हणजे मूळ किती वेळा आलं ते बघून भागत नाही, दिशा किती मिळाल्या ते बघायचं.

आणि आयगेनव्हॅल्यूवरूनही निघतं, फक्त P च्या मागे लागायचं नाही. 2×2 साठी e^(At) = a·I + b·A असं धरा. A च्या जागी λ ठेवला की e^(λt) = a + bλ. मूळ एकच, समीकरण एकच, मग दुसरं? त्याच समीकरणाचं λ नं डेरिव्हेटिव्ह घ्या: t·e^(λt) = b. तुमचा t इथून जन्मला. λ = -1 घातलं की b = t·e^(-t), a = (1+t)·e^(-t), उत्तर तेच.

शब्दवेडा_वाडीचा:
'डेरिव्हेटिव्ह घ्या', 'डिटरमिनंट'. काका, ज्या गावात 1890 मध्ये कलाभवन उघडलं आणि देशी भाषेतून तंत्रशिक्षण द्यायचा घाट घातला गेला, जिथे 1931 साली सयाजीशासनशब्दकल्पतरु छापला, त्या गावात बसून तुम्ही हे लिहिताय. विकलज म्हणा, निर्धारक म्हणा.

दांडियाबाजारकर:
त्याच कलाभवनाच्या इमारतीत शिकलो मी, म्हणून लिहितोय. कल्पतरु कारभाराचा कोश आहे, त्यात माझा आयगेन सापडायचा नाही. पोराला निर्धारक म्हटलं तर तो आधी डोक्यात डिटरमिनंट करतो आणि मग गणित करतो, दोनदा काम. आणि आयगेनचं काय करणार? जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'स्वतःचं', हिल्बर्टनं 1904 मध्ये आयगेनवेर्ट वापरला, इंग्रजांनी अर्धा तसाच ठेवला. त्यांना लाज वाटली नाही, आपल्याला का वाटावी?

शब्दवेडा_वाडीचा:
स्वमूल्य. किती सोपं.

मांजलपूरची_आई:
स्वमूल्य म्हटलं की मला वाटतं आत्मसन्मानावरचं व्याख्यान आहे 🙏

सुरसागरकाठ:
भांडू नका. मला अजून एक हवंय, बाईंना गणितानं नाही, डोळ्यांनी दिसेल असं काही. t काढून टाकला तर काय बिघडतं?

दांडियाबाजारकर:
हे बरं विचारलंत. रावपुऱ्यात लहानपणी एका दवाखान्याला दोन्हीकडे झुलणारं स्प्रिंगचं अर्धं दार होतं, बघितलं असेल तुम्ही पण, खालून पाय दिसायचे पेशंटचे. असं दार नीट जुळवलेलं असलं, म्हणजे फटफट झुलतही नाही आणि रेंगाळतही नाही, तर त्याचं समीकरण साधारण तुमच्याच उदाहरणासारखं. जुनी दारं झिजून झुलायला लागायची, तेव्हा मूळ दुहेरी राहत नाही, साइन-कोसाइन येतात, ते सोडा.

आता बंद दाराला, म्हणजे जागा 0 असताना, एक धक्का द्या, वेग 1. Φ ची उजवी रांग सांगते की जागा t·e^(-t). दार उघडत जातं, t = 1 ला सगळ्यात जास्त, 0.368, मग हळूहळू मिटतं. आता t खोडा. Φ उरतो नुसता e^(-t)·I, वरची उजवी जागा शून्य. म्हणजे धक्का दिला तरी दार जागचं हलत नाही, कधीच. वेग आहे आणि दार हलत नाही, असं दार पेशंटनं कपाळ आपटूनच उघडावं लागेल.

कागदावर तपासायचं तर t = 0 ला Φ एकक येतोय का हे सगळे बघतात, पण t खोडलेलं चुकीचं उत्तरही त्यात पास होतं. म्हणून Φ चं डेरिव्हेटिव्ह घेऊन t = 0 घाला, A परत मिळाला पाहिजे. खोडलेल्यात -I मिळतो. तिथे पकडला जातो.

फतेगंजी:
काका मी लॅपटॉपवर केलं.

```
import numpy as np
from scipy.linalg import expm
A = np.array([[0., 1.], [-1., -2.]])
print(expm(A))
print(np.linalg.eig(A)[1])
```

पहिलं 0.7358, 0.3679, -0.3679 आणि चौथं शून्यच म्हणायचं. दुसऱ्यात दोन्ही उभे स्तंभ, चिन्ह सोडलं तर, जवळजवळ सारखे. एरर काही आली नाही.

दांडियाबाजारकर:
शाब्बास. चौथं शून्य म्हणजे काय, धक्का देऊन 1 सेकंद झाला, दार टोकाला आहे, वेग 0. जुळलं की नाही? आणि एरर आली नाही हेच वाईट. कागदावर P उलटत नाही म्हणून आपण थांबतो, मशीन थांबेलच असं नाही, पुसटशा फरकावर भागाकार करून आकडा देऊन मोकळं होतं. कुणी P·D·P⁻¹ नं केलं तर आधी ते स्तंभ बघावेत.

शब्दवेडा_वाडीचा:
दाराच्या गोष्टीवरून माझं एक मत बदलतंय, लिहून ठेवा. संक्रमण म्हणजे पाऊल. सूर्य राशीत असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. मग ते फतेगंजीच्या मार्कोव्हला शोभतं, ऊन की पाऊस. दार मात्र सलग सरकतं, त्याला संक्रमण नको.

सुरसागरकाठ:
म्हणजे स्थित्यंतर!

शब्दवेडा_वाडीचा:
छे. स्थित्यंतर म्हणजे स्थितीच पालटणे, सत्तांतर तसं. t = 0 ला एकक आहे, काहीच पालटलेलं नाही, तरी त्याला स्थित्यंतर म्हणणार? 'अवस्थावाहक' करा.

मांजलपूरची_आई:
वाहक म्हणजे एसटीतला कंडक्टर ना?

सुरसागरकाठ:
बाईंना दाराची गोष्ट आणि लाप्लास दोन्ही पाठवलं. उत्तर आलंय: 't राहू द्या, माझं चुकलं.' खाली लाल शाईत 'स्थित्यंतर' पुन्हा खोडलंय, आणि या वेळी 'उलट लाप्लास' पण. तिथे 'व्यस्त' केलंय.