माल देणार नाही असं आधीच कळवलं, तर मुदतीपर्यंत गप्प बसायचं?

मार्केटयार्ड (मूळ पोस्ट)
बेदाण्याचा सौदा. तासगावच्या शीतगृहातला लॉट पाहून ठरलेला, १० टन, किलोला १५० रुपये, २ लाख ॲडव्हान्स, माल ३० ऑक्टोबरला. ५ सप्टेंबरला विकणाऱ्याचा व्हॉट्सॲप आला: "या भावात माल देणार नाही, दुसरीकडे देतोय." माझं मत असं की मुदत उलटेपर्यंत करार मोडतच नाही. उत्तरही देऊ नका. तोवर भाव चढेल तेवढी भरपाई वाढेल. ३१ तारखेला दावा लावा.

कलम३९
हा सल्ला वाचून राहवलं नाही, कारण यावर विसंबून लोक पैसे घालवतात. मुदतीआधी करार मोडत नाही हे साफ चूक आहे. १८५३ च्या इंग्लंडमधल्या खटल्यात नोकरी १ जूनला सुरू व्हायची होती. मालकाने ११ मे रोजी नकार कळवला आणि नोकराने २२ मे रोजीच दावा लावला. "अजून तारीखच आली नाही" हा मालकाचा बचाव टिकला नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३९ त्याच वाटेने जातं, आणि मालाच्या सौद्याला विक्री कायद्याचं कलम ६० आहे.

तिथे खरेदीदारापुढे दोन वाटा आहेत. सौदा संपला असं कळवून भरपाई मागायची, किंवा सौदा जिवंत ठेवून ३० ऑक्टोबरची वाट पाहायची. गप्प बसणं ही तिसरी वाट नव्हे. पुढे तुमच्या वागण्यावरून कोर्ट ठरवेल की तुम्ही सौदा चालू ठेवला होता. मग दुसऱ्या वाटेचे सगळे धोके तुमच्या गळ्यात, तेही न ठरवता.

पहिली वाट घ्यायची तर आठवड्याच्या आत लेखी कळवा: "तुमचा ५ सप्टेंबरचा नकार आम्ही मान्य करून सौदा रद्द करत आहोत, ॲडव्हान्स परत करा, आम्ही दुसरीकडून माल घेऊन फरक वसूल करू." मग खरंच माल घ्या. त्या आठवड्यात तशाच प्रतीचा माल १६६ ला मिळाला तर फरक किलोला १६ रुपये, म्हणजे १,६०,००० आणि वर ॲडव्हान्सचे २ लाख. खरेदीचं बिल, त्या दिवसाचे बाजारभाव आणि प्रत जुळल्याचा पुरावा जपून ठेवा. जास्त चांगल्या प्रतीचा बेदाणा घेऊन त्याचा फरक मागितला की दावा तिथेच लंगडा होतो.

मार्केटयार्ड
"गप्प बसा" हे शब्द चुकले, मागे घेतो. पण थांबण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय, हे तुम्हीच लिहिलंत. ३० ऑक्टोबरला भाव १९० झाला तर फरक ४० रुपये, म्हणजे ४ लाख. १,६०,००० वर समाधान का मानायचं?

कलम३९
हक्क आहे, आणि सौदा जिवंत असताना लगेच दुसरीकडून माल घेण्याची सक्तीही नाही. इथवर तुमचं बरोबर. पण सौदा दोन्ही बाजूंनी जिवंत राहतो. तो २० ऑक्टोबरला म्हणाला "घ्या माल, १५० ने देतो", तर त्याचा नकार पुसला गेला आणि तुमचा दावाही. त्याची चूक नसताना शीतगृहाला आग लागून तोच पाहिलेला लॉट जळाला, तर विक्री कायद्याच्या कलम ८ ने तो सुटला. भाव १४० वर उतरला तर नुकसान शून्य. शिवाय ३० तारखेला उरलेले १३ लाख द्यायची तुमची तयारी होती हे तुम्हालाच दाखवावं लागेल. ते पैसे दुसऱ्या मालात गुंतवलेत की पंचाईत.

मसुदेकर
तुम्ही दोघंही एक पायरी विसरताय. आधी पत्र पाठवून "करार पाळणार याची हमी द्या" म्हणायचं. ३० दिवसांत हमी आली नाही की तो नकारच धरायचा. आमच्या सगळ्या मसुद्यांत हे असतं.

कलम३९
तो नियम अमेरिकेतल्या व्यापारी संहितेचा आहे. आपल्या कायद्यात असं कलम नाही. तुमच्या करारात तशी अट लिहिली असेल तर ती अट म्हणून चालेल. इथे तशी अट नाही आणि नकार स्पष्ट आहे, मग महिनाभर थांबून काय मिळणार?

मसुदेकर
म्हणजे विचारायचंच नाही? निरोप गोलमोल असेल तर?

कलम३९
मग विचारायलाच हवं, ते मान्य. "भाव वाढलाय, जरा बघू" हा नकार नव्हे. त्यावर तुम्ही सौदा रद्द केलात तर करार मोडणारे तुम्हीच ठरता. "१५० ने माल देणार की नाही, सात दिवसांत कळवा" एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर ते मौन पुरावा म्हणून वापरा, पण एकट्या मौनावर रद्द करू नका.

विसारवाली
माझं प्लॉटचं आहे. ४० लाख ठरले, ५ लाख विसार दिला, खरेदीखत ३१ मार्चला. मालक जानेवारीतच म्हणतोय देणार नाही, आणि विसाराचा चेक परत पाठवलाय. टाकू का बँकेत?

मार्केटयार्ड
टाका की. स्वतःचे पैसे कशाला सोडायचे?

कलम३९
थांबा! ताई, प्लॉटच हवा असेल तर चेक वटवू नका. तुम्ही व्यवहार संपल्याचं मान्य केलंत, असा युक्तिवाद पहिल्याच तारखेला होईल. चेक पत्रासोबत परत करा आणि लिहा: "नकार मान्य नाही, उरलेले ३५ लाख देऊन खरेदीखत करायला तयार आहे." ही तयारी स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सिद्ध करावी लागते, त्यामुळे बँकेचा उतारा किंवा कर्जमंजुरीचं पत्र त्याच तारखांचं हवं. मार्केटयार्ड, मालाचा नियम जमिनीला लावून बाईंचा प्लॉट घालवू नका.

मार्केटयार्ड
एवढं चिडायचं कारण नाही. दावा चालेपर्यंत पैसे अडकून राहतात, त्याचं काय?

दिवाणीकोर्ट
पैशांपेक्षा मोठी भीती म्हणजे दावा चालू असताना मालक तिसऱ्याला प्लॉट विकेल. महाराष्ट्रात नुसता दावा दाखल करून भागत नाही. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, त्याशिवाय मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम ५२ चं संरक्षण नव्या खरेदीदाराविरुद्ध मिळत नाही. ही नोंद राहून गेल्यामुळे चांगले दावे वाया जातात. मनाई हुकमाचा अर्जही दाव्यासोबतच करा.

विसारवाली
चेक परत पाठवते. पण आमचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर आहे.

दिवाणीकोर्ट
चालेल. मेसेज आपोआप पुसले जायची सेटिंग आजच बंद करा. ज्या फोनवर नकार आला तो फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

मसुदेकर
बेदाण्याचा एक प्रश्न तसाच राहिला. १२ सप्टेंबरला सौदा रद्द केला, पण माल घेतलाच नाही. मग फरक कोणत्या दिवसाच्या भावाने?

कलम३९
माझ्या मते मूळ हिशेब मुदतीच्या दिवसाच्या भावाने. पण करार कायद्याच्या कलम ७३ खाली रद्द केल्यानंतर वाजवी वेळेत माल घेऊन नुकसान टाळता आलं असतं का, हे पाहिलंच जाईल. बाजारात माल होता आणि तुम्ही घेतला नाहीत, तर १६६ च्या पुढचा फरक मिळणं अवघड.

दिवाणीकोर्ट
मला हे पटत नाही. नकार मान्य केला तो दिवसच करारभंगाचा दिवस, भाव त्याच दिवसाचा. ३० ऑक्टोबरचा भाव मधे आणायचं कारणच काय?

मार्केटयार्ड
तुमचंच जमत नाहीये, तर मी १२ तारखेलाच माल घेऊन मोकळा होतो. आज पत्र स्पीड पोस्टाने पाठवतोय, आणि ईमेलही.